फोनवर ठरलेलं मेलवर कसं उतरवावं? (दर, काम आणि तारखा)

शाईचा_डाग | ७ मार्च, सकाळी

मी पुस्तकांच्या मांडणीची कामं घरून करते. काल एका संस्थेच्या ग्रंथाबद्दल त्यांच्या संपादकांशी फोनवर चाळीसेक मिनिटं बोलणं झालं. गृहस्थ मोकळे वाटले. दर ठरला, दुरुस्त्या किती वेळा करायच्या ते ठरलं, तारखाही झाल्या. फोन ठेवताना म्हणाले, "झालं तर मग, लागा कामाला."

मागच्या वर्षी अशाच एका "लागा कामाला"वर मी तीन महिने दुरुस्त्या करत बसले होते. त्यामुळे या वेळी मेलवर लिहून घ्यायचं ठरवलंय. पण समोरच्याला अविश्वास वाटेल का, ही धास्ती आहे. मसुदा देते (आकडे गोल केलेत):

"नमस्कार. काल बोलल्याप्रमाणे दर पानाला ५०, अंदाजे १८० पानं. दोन वेळा दुरुस्त्या. महिनाअखेर काम पूर्ण होईल. निम्मी रक्कम आगाऊ. धन्यवाद."

एवढं पुरे का? की हेही जास्तच होतंय?

---

मीनाक्षी_व | ७ मार्च

मी तर फोन रेकॉर्ड करून ठेवते, कटकटच नको. तुमच्याही फोनमध्ये सोय असेल, सेटिंगमध्ये जाऊन बघा. फक्त समोरच्याला सांगितल्याशिवाय करू नका, पुष्कळ ठिकाणी तो गुन्हा ठरतो.

शाईचा_डाग

मीनाक्षीताई, फोन होऊन गेला हो. आणि चाळीस मिनिटांचं बोलणं पुन्हा ऐकून त्यातून दर शोधत कोण बसणार? मला लिहिलेलं हवंय.

---

बिनधास्त_बाळू | ७ मार्च

मेल चांगला आहे, पण खाली एक वाक्य टाकच: "४८ तासांत उत्तर न आल्यास वरील सर्व मान्य आहे असे समजले जाईल." मी कायम टाकतो. गप्प बसला तर अडकला. आणि हे अविश्वास बिविश्वास सोड, धंदा आहे.

---

जुना_खरेदीवाला | ७ मार्च, दुपारी

मी बावीस वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. असे मेल पाठवले तेवढेच वाचलेही. अविश्वासाची भीती आधी काढून टाका. "आपलं बोलणं माझ्याकडून नीट टिपलं गेलंय ना, एवढं बघाल का" या सुरात लिहिलंत तर कोणालाही राग येत नाही. उलट, तिकडे संपादकांनाही कोणाला तरी हे समजावून सांगायचं असतं. तुमचा मेल त्यांना आयता उपयोगी पडतो.

आता मसुदा. तुम्ही आकडे लिहिलेत, पण आकडा कशाचा ते लिहिलेलं नाही. पानाला ५० म्हणजे कोणत्या पानाला? त्यांनी टाइप करून पाठवलेल्या ए-फोर पानाला की छापून येणाऱ्या पुस्तकाच्या पानाला? १८० हा आकडा कोणाच्या तोंडून आला?

---

शाईचा_डाग

१८० त्यांनी सांगितला, "मजकूर १८० पानं आहे." दर मी सांगितला. मी अर्थातच छापील पान धरते, सगळे मांडणीकार तेच धरतात.

जुना_खरेदीवाला

तुम्ही धरता. त्यांनी काय धरलं असेल?

मजकुराचा एखादा तुकडा हाताशी असेल तर दहा ए-फोर पानं ठरलेल्या आकारात लावून बघा, छापील किती होतात ते. तोवर मेल पाठवू नका.

---

शाईचा_डाग | ७ मार्च, रात्री

लावून बघितली. नमुन्याचं प्रकरण होतं माझ्याकडे. पुस्तक डेमी आकारात. दहा ए-फोर पानांची साडेचौदा छापील पानं झाली. म्हणजे १८० ची २६१.

माझ्या हिशोबाने १३,०५०. त्यांच्या डोक्यात बहुधा १८० गुणिले ५०, म्हणजे ९,०००. चार हजार पन्नासचा फरक, आणि आम्ही दोघं खुशीत फोन ठेवून मोकळे.

---

रानवारा | ८ मार्च

हेच तर. भांडण काम संपल्यावर सुरू होत नाही, ते फोनवरच जन्मतं आणि बिल पाठवल्यावर रडायला लागतं.

माझा किस्सा तारखेचा. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद करतो. एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "कधी मिळेल?" मी म्हणालो, "आठ दिवसांत देतो." मजकूर आला चार दिवसांनी. माझे आठ दिवस तिथून सुरू, त्यांचे फोनपासून. वर "आठ दिवस" म्हणजे आपल्याकडे आठवडा, हे त्यांच्या बाजूच्या माणसाला माहीतच नव्हतं, तो बोटं मोजत होता. निदान ती चूक माझ्या फायद्याची झाली. तेव्हापासून मी "आठ दिवस", "पंधरवडा", "परवा" यातलं काहीच लिहीत नाही. परवा तर आपल्या भाषेत मागेही जातो आणि पुढेही. महिना अक्षरात लिहितो, कारण ३/४ म्हणजे कोणासाठी ३ एप्रिल तर कोणासाठी ४ मार्च.

---

बिनधास्त_बाळू | ८ मार्च

@शाईचा_डाग, सरळ "ठरल्याप्रमाणे छापील पानाला ५०" असं लिहून पाठव. तो "मान्य" म्हणून मोकळा होईल, एवढं कोण वाचतंय. सही करताना बारीक अक्षरं कोणी वाचलीयेत आजवर?

अर्धविराम | ८ मार्च

मी वाचतो, बाळू. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असतो, कामं देणाऱ्यांकडे. फोनवर न झालेली गोष्ट "ठरल्याप्रमाणे" म्हणून मेलमध्ये घुसवलेली दिसली की मग त्या माणसाचा प्रत्येक मेल मी भिंग लावून वाचतो. शिवाय असा मेल पुढे कामाला येत नाही. मी फक्त एवढंच विचारीन, "छापील हा शब्द बोलण्यात कधी आला?" तिथे तुमची बोलती बंद, आणि बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका.

जुना_खरेदीवाला

सहमत. मेलचे दोन भाग करा. एकात जे खरोखर बोलून झालं ते. दुसऱ्यात जे बोलायचं राहिलं किंवा ज्याचे दोन अर्थ निघतात ते, आणि तिथे "माझं म्हणणं असं आहे, तुमचं कळवा" असं उघडपणे. पहिल्या भागाची विश्वासार्हता दुसऱ्या भागामुळे वाढते.

पानांचा मुद्दा दुसऱ्या भागात, आणि नमुन्याची पानं जोडून. दहाची साडेचौदा कशी झाली ते त्यांना डोळ्यांनी दिसू दे. फरक आज कळला तर ते घासाघीस करतील. शेवटी कळला तर पैसे अडवतील.

दुरुस्त्यांचंही तसंच. "दोन वेळा" म्हणजे काय? त्यांचे तीन संपादक तीन वेगवेगळ्या दिवशी खुणा करून पाठवतील, ती एक फेरी की तीन? आणि "महिनाअखेर" तुमच्या एकटीच्या हातात आहे का? ते प्रूफ दहा दिवस घेऊन बसले तर?

---

शाईचा_डाग | ८ मार्च, संध्याकाळी

पुन्हा लिहिला. सांगा.

"विषय: ग्रंथाची मांडणी – ६ मार्चच्या बोलण्याची नोंद

नमस्कार. ६ मार्चला आपलं फोनवर बोलणं झालं. माझ्याकडून काही चुकीचं टिपलं गेलं नाही ना हे बघावं म्हणून लिहिते आहे.

बोलण्यात ठरलेलं असं: दर पानाला ५०. पुस्तक डेमी आकारात. आतल्या पानांची मांडणी माझ्याकडे, चित्रं १२, ती तुम्ही छपाईयोग्य स्वरूपात द्याल. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या. सगळा मजकूर १४ मार्चपर्यंत माझ्याकडे येईल. निम्मी रक्कम कामाच्या आधी.

बोलण्यात स्पष्ट न झालेलं, त्यावर माझं म्हणणं: (१) मी दर छापील पानावर लावते. सोबतच्या नमुन्यात तुमच्या दहा पानांची साडेचौदा छापील पानं झाली आहेत. त्या हिशोबाने १८० पानांची सुमारे २६१ होतील आणि रक्कम सुमारे १३,०५० होईल, कर वेगळा. तुमच्या मनात दुसरा हिशोब असेल तर काम सुरू होण्याआधी बोलू. (२) एक फेरी म्हणजे सर्व संपादकांच्या दुरुस्त्या एकाच प्रतीवर एकत्र करून आलेल्या. (३) पूर्ण मजकूर मिळाल्यापासून १४ दिवसांत पहिलं प्रूफ देईन, म्हणजे मजकूर १४ मार्चला आला तर २८ मार्चला. दुरुस्त्या तुमच्याकडून आल्यावर पाच दिवसांत पुढचं प्रूफ. मजकूर किंवा दुरुस्त्या जितके दिवस उशिरा येतील तितके दिवस पुढची तारीख सरकेल. (४) उरलेली निम्मी रक्कम अंतिम पीडीएफ दिल्यापासून १५ दिवसांत.

यातलं काही वेगळं असेल तर याच मेलला उत्तर देऊन कळवा, सगळं बरोबर असेल तरी एक ओळ लिहा. आगाऊ रकमेसोबत काम सुरू करते."

जुना_खरेदीवाला

नामी. "तारीख सरकेल" हे वाक्य पुष्कळ जण विसरतात. एकच विचारतो, पैसे कोण मंजूर करतं? संपादक की दुसरं कोणी?

शाईचा_डाग

पैशांचं कार्यवाह बघतात असं म्हणाले होते.

जुना_खरेदीवाला

मग मेल दोघांना पाठवा, आणि कार्यवाहांचा पत्ता सीसीत नको, मुख्य रकान्यात घाला. सीसीतला माणूस म्हणतो मला फक्त माहितीसाठी होतं. मजकूर तोच राहू द्या, "६ मार्चला संपादकांशी बोलणं झालं" एवढंच बदला.

---

बिनधास्त_बाळू

आणि ४८ तासांवालं वाक्य?

कलमदवात | ९ मार्च

मी वकिली करते, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते. बाळू, तुझं वाक्य दिसतं तेवढं जोरदार नाही. याचा गाजलेला निवाडा १८६२ चा, इंग्लंडमधला. एका काकाने पुतण्याला घोड्याबद्दल लिहिलं की पुढे काही कळवलं नाहीस तर ३० पौंड १५ शिलिंगला घोडा माझा झाला असं मी धरीन. पुतण्याने उत्तर दिलं नाही, मनात मात्र विकायचा होता. लिलाव करणाऱ्याने चुकून घोडा दुसऱ्याला विकला, आणि काकाने त्याच्यावर दावा लावला. न्यायालय म्हणालं, घोडा काकाचा झालाच नव्हता. आपल्या सोयीने दुसऱ्याच्या मौनाला होकार ठरवता येत नाही. देशोदेशींच्या मालविक्रीसाठी १९८० साली व्हिएन्नात झालेल्या करारातही, १८ व्या कलमात, नुसतं गप्प राहणं म्हणजे स्वीकार नव्हे असं लिहिलंय.

बिनधास्त_बाळू

म्हणजे मी इतकी वर्षं उगाच टाकत होतो?

कलमदवात

अगदी उगाच नाही. नवा प्रस्ताव पाठवणं वेगळं आणि आधी झालेल्या बोलण्याची नोंद पाठवणं वेगळं. काकाचं पत्र प्रस्ताव होतं. जर्मनीत व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत अशी नोंद पाठवली आणि समोरच्याने लगेच हरकत घेतली नाही, तर ती त्याच्यावर बंधनकारक होऊ शकते. अमेरिकेत व्यापाऱ्यांमधल्या मालविक्रीत अशा लेखी नोंदीवर दहा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर "माझ्या सहीचं काही नाही" ही पळवाट बंद होते, पण मुळात व्यवहार ठरला होता हे तुम्हाला तरीही सिद्ध करावंच लागतं. आणि या दोन्ही गोष्टी व्यापाऱ्यांपुरत्या. एकटा मांडणीकार आणि एक संस्था यांच्यात त्यावर विसंबू नये.

सगळीकडे जास्त चालतं ते वागणं. मेल मिळाल्यावर त्याने आगाऊ रक्कम पाठवली, मजकूर पाठवला, तारखेला प्रूफ मागितलं, तर "मला मेल मान्य नव्हता" म्हणणं त्याला फार जड जातं. म्हणून शाईताईंच्या मेलमधलं शेवटचं वाक्य मला बाळूच्या वाक्यापेक्षा आवडलं. आगाऊ रक्कम आली की ती स्वतःच बोलते.

अर्धविराम

आणि ४८ तासांचा दम वाचला की आम्ही मेल कायदा विभागाकडे ढकलतो. तिथून तो तीन आठवड्यांनी बाहेर येतो. हेही लक्षात घ्या.

बिनधास्त_बाळू

बरं बाबांनो. पण मला एक दिवस "मान्य नाही" असं उत्तर तरी मिळालं होतं त्या वाक्यामुळे. नाहीतर तेही नसतं मिळालं.

---

शाईचा_डाग | ११ मार्च

मेल दोघांना गेला. संपादकांचं उत्तर आलं. जसंच्या तसं:

"सर्व ठीक आहे, मान्य. फक्त एकूण रक्कम ११,००० च्या वर जाता कामा नये, समितीने तेवढीच ठेवली आहे. चित्रं १२ नसून ३० आहेत. मुखपृष्ठ तुम्हीच करताय हे धरलं आहे."

पहिल्या ओळीत मान्य म्हटलंय! सुरू करू का?

कलमदवात

करू नका. हे "मान्य" नाही. मान्य म्हणून त्यांनी तीन गोष्टी बदलल्या आहेत, म्हणजे त्यांनी तुमच्यापुढे नवा प्रस्ताव ठेवलाय. आता तुम्ही काही न लिहिता कामाला लागलात तर उद्या तेच म्हणतील की ११,००० त आणि मुखपृष्ठासकट तुम्ही कबूल झालात. वागणं दोन्ही बाजूंनी कापतं.

जुना_खरेदीवाला

११,००० भागिले ५०, म्हणजे २२० पानं. २६१ च्या मजकुराला २२० त बसवायचं तर अक्षर बारीक आणि ओळी दाट कराव्या लागतील. तसं पुस्तक त्यांना चालेल का, हा प्रश्न पैशांआधी विचारा. फोनच करा. मेलवर घासाघीस केली की आठ मेल होतात आणि शेवटचा कोणता ते कोणालाच कळत नाही. बोलून मिटवा, मग एकच मेल.

---

शाईचा_डाग | १२ मार्च

झालं बोलणं. दोन फोन, दुसऱ्यात कार्यवाहही होते. दाट छपाईला संपादकांनीच नाही म्हटलं, वाचक वयस्क आहेत म्हणून. शेवटी ठोक रक्कम ठरली. आज हा मेल गेला, त्याच उत्तराच्या साखळीत:

"आज १२ मार्चला आपण तिघं बोललो त्याप्रमाणे: आतल्या पानांच्या मांडणीचे एकूण १२,०००, कर वेगळा. यात २७० छापील पानांपर्यंतचं काम आणि ३० चित्रं जागेवर बसवणं येतं. चित्रांची साफसफाई किंवा रंगदुरुस्ती यात नाही. २७० च्या वर प्रत्येक छापील पानाला ५०. मुखपृष्ठ संस्था दुसऱ्याकडून करून घेणार, ते माझ्याकडे नाही. हे आधीच्या मेलमधल्या दराच्या आणि चित्रांच्या मुद्द्यांऐवजी. फेऱ्या, तारखा आणि पैसे देण्याची मुदत आधीच्या मेलप्रमाणेच."

कार्यवाहांचं उत्तर तासाभरात: "मान्य. ६,००० आज पाठवत आहे." आले पण!

रानवारा

"हे त्याऐवजी" ही ओळ लाख मोलाची. माझ्याकडे एकदा दोन मेल होते, दोन्हीत वेगळा दर, आणि दोघांनाही आपला तो शेवटचा वाटत होता.

अर्धविराम

"साफसफाई यात नाही" हेही बरं केलंत. काय काय येतं हे सगळेच लिहितात. काय येत नाही हे लिहिलं की आमच्या बाजूलाही कोणाकडून काय करून घ्यायचं ते स्पष्ट होतं. मुखपृष्ठाचा घोळ त्यामुळेच छपाईच्या आदल्या दिवसाऐवजी आता निघाला.

मीनाक्षी_व

या मेलचे स्क्रीनशॉट काढून ठेवा हं, शाईताई.

जुना_खरेदीवाला

स्क्रीनशॉट सोयीला ठीक, पण मूळ मेल पुसू नका. चित्रात कोणीही अक्षरं बदलू शकतं. मूळ मेलमध्ये तो कुठून कुठे आणि कधी गेला ते, शिवाय Message-ID, सगळं आत असतं. नमुन्याची पानं फाइल म्हणून जोडली होती ना? लिंक दिली असेल तर त्यामागची फाइल उद्या बदलता येते.

शाईचा_डाग

जोडली होती. सुदैवाने.

---

पायवाट | १५ मार्च

मधेच विचारतो. माझ्याकडे लोक मेलला उत्तर देतच नाहीत, फोनवर मेसेज येतो, "ओके" किंवा नुसता अंगठा. तो धरायचा की नाही?

कलमदवात

अंगठा कशाला दिलाय ते कळत असेल तर त्याला वजन आहे. मेसेज हेही लिखाणच आहे. इलेक्ट्रॉनिक व्यापारासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९९६ साली जो नमुना कायदा केला, त्यात कसोटी साधी ठेवली आहे: मजकूर पुढे पुन्हा बघता येतो का. बऱ्याच देशांनी तो धागा पकडून आपापले कायदे केले. मात्र जमिनीच्या व्यवहारासारखे काही व्यवहार कित्येक देशांत यातून बाहेर ठेवलेले असतात, तिथे मेलवर भागत नाही.

अडचण अशी, की अंगठा म्हणजे नुसतं "मेसेज मिळाला, कळलं" असं नंतर सांगणाराही असतो. म्हणून मीच मेलला परत उत्तर लिहिते: "आज दुपारी तुम्ही मेसेजवर ओके कळवलंत, त्याप्रमाणे सुरू करते." म्हणजे होकार आणि ज्याला होकार ते एकाच जागी येतात.

पायवाट

हे करून बघतो. माझा एक गिऱ्हाईक फक्त आवाजी मेसेज पाठवतो, त्याचं काय करू देव जाणे.

---

शाईचा_डाग | २२ मार्च

मंडळी, परत आले. काम जोरात चाललंय, अर्धी पानं लागली. मजकूर १४ लाच आला होता. काल संपादकांचा फोन: "एक छोटंसं परिशिष्ट राहिलं, वीसच पानं आहेत, सहज बसेल." सहज!

वीस ए-फोर म्हणजे २९ छापील. २६१ अधिक २९, एकूण २९०. २७० च्या वर वीस पानं, म्हणजे १,००० वाढतात आणि पहिल्या प्रूफाला तीन दिवस. आजच मेल टाकला: "काल २१ मार्चला फोनवर सांगितलेलं परिशिष्ट घेतल्यास एकूण पानं सुमारे २९० होतील. १२ मार्चच्या मेलप्रमाणे जादा २० पानांचे १,०००, म्हणजे एकूण १३,०००. प्रत्यक्ष पानं मोजून शेवटचा आकडा ठरेल. पहिलं प्रूफ २८ ऐवजी ३१ मार्चला. मान्य असल्यास परिशिष्टाचा मजकूर पाठवताना तसं लिहा."

जुना_खरेदीवाला

पुष्कळांचा पाय इथेच घसरतो. पहिला मेल सगळे नीट लिहितात. मधल्या "जरा एवढं" वर कोणी लिहीत नाही, आणि शेवटच्या बिलात जो फरक दिसतो तो सगळा या "जरा एवढं" चा असतो.

शाईचा_डाग | २५ मार्च

परिशिष्ट आलं. पण माझ्या मेलला उत्तर म्हणून नाही. नवा मेल, विषय "परिशिष्ट", आत फक्त फाइल आणि "सोबत पाठवत आहे". हजाराबद्दल अवाक्षर नाही. कार्यवाहांना तो मेल गेलेलाच नाही.

काम करू का थांबू? ३१ ची तारीख मीच दिलीये.

बिनधास्त_बाळू

कर की! तू लिहिलं होतंस पाठवताना मान्यता लिहा, त्याने पाठवलं. झालं. मघाशी वकीलबाईच म्हणाल्या वागणं बोलतं.

कलमदवात

बोलतं, पण किती स्पष्ट बोलतं हा प्रश्न आहे. शाईताईंनी मागितलं होतं ते मजकूर आणि त्यासोबत एक शब्द. आला फक्त मजकूर. मी त्यांच्या बाजूने असते तर म्हणाले असते, संपादकांनी तुमचा मेल उघडलाच नव्हता, फोनवर बोलल्याप्रमाणे फाइल पाठवली. तुमची बाजू पडती नाही, कारण जादा पानाला ५० हे १२ तारखेला कार्यवाहांनी लेखी मान्य केलंय. पण परिशिष्ट घ्यायचं हे कोणी ठरवलं, संपादकांनी की समितीने, यावर वाद होऊ शकतो.

अर्धविराम

आमच्याकडे असं झालं असतं तर संपादकाने परिशिष्टाचं पैशांच्या माणसाला सांगितलेलंच नसतं. शंभर टक्के.

जुना_खरेदीवाला

मूळ पानांचं काम चालू ठेवा, ते कोणीच नाकारलेलं नाही. परिशिष्ट शेवटी येतं, तेव्हा सगळ्यात शेवटी लावा, तोवर दोन-तीन दिवस मिळतील. दरम्यान २२ तारखेच्या तुमच्या मेलखाली, दोघांना: "परिशिष्ट आज मिळालं. वरील मेलप्रमाणे धरून २८ तारखेला ते घ्यायला सुरुवात करेन. रकमेबद्दल काही वेगळं असेल तर त्याआधी कळवावं." आणि कार्यवाहांना एक फोन. मेल वाचला का, एवढंच विचारायला.

बिनधास्त_बाळू

काका, हे माझंच ४८ तासांवालं वाक्य झालं ना? फक्त गोड करून!

जुना_खरेदीवाला

थोडंफार झालं खरं. फरक एवढाच की खाली १२ तारखेचा त्यांचा होकार आहे, मी नवा दर त्यांच्या मौनावर लादत नाहीये. पण कलमदवातबाईंना विचारा, त्या कदाचित माझ्याशी सहमत होणार नाहीत.

कलमदवात

पूर्ण नाही. मी उत्तर आल्याशिवाय परिशिष्टाला हात लावला नसता. ३१ तारीख गेली तरी चालेल, ती तुम्ही मान्यतेला बांधूनच दिली होती.

शाईचा_डाग | २५ मार्च, रात्री

मेल टाकला, काकांच्या शब्दांत. कार्यवाहांना फोन लावला, लागला नाही. उद्या सकाळी परत लावते. परिशिष्टाचं पहिलं पान मात्र उघडून बघितलं हो. वीस पानांपैकी सहा तक्ते आहेत. तक्त्यांचा दर आमच्या बोलण्यात कधीच आला नव्हता.